होकारानंतरचा नकार: कुपवाडच्या एका ऑफरचं प्रकरण

गुरुवार, १८ तारीख, संध्याकाळचे सव्वासहा. मिरज एमआयडीसीतल्या एका मशिनिंग वर्कशॉपमधून क्वालिटी इंजिनिअर घरी निघालाय आणि मोबाइलवर मेल येतो. शिरवळच्या एका कंपनीने सप्लायर क्वालिटी इंजिनिअर म्हणून ऑफर लेटर पाठवलंय. दीड महिन्यापूर्वी तिथे दोन मुलाखती झाल्या होत्या, मग काहीच हालचाल नव्हती, म्हणून त्याने तो विषय सोडून दिला होता. मधल्या काळात कुपवाड एमआयडीसीत धातूचं ओतकाम करणाऱ्या एका फाउंड्रीने त्याला असिस्टंट मॅनेजर, क्वालिटी या पदावर घेतलं. त्याने मेलवर होकार कळवला, वर्कशॉपमध्ये महिन्याच्या नोटिशीसह राजीनामा दिला, मिरजेत फाउंड्रीच्या खर्चाने मेडिकलही करून घेतलं. १ तारखेला, बुधवारी, रुजू व्हायचंय. हातात तेरा दिवस आहेत.

माणसं आणि कारखाने इथे प्रातिनिधिक घेतलेत, पण गुंता नेहमीचाच आहे. हे प्रकरण निवडलं ते एका कारणासाठी. सप्लायर क्वालिटीचं काम म्हणजे कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्यांत जाऊन दर्जा तपासणं. कास्टिंग म्हणजे ओतीव भाग घेणाऱ्या कंपनीचा असा माणूस आज ना उद्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कुपवाड, पलूस या पट्ट्यात फिरणारच. म्हणजे आज ज्या मालकाला नकार द्यायचा, त्याच्याच गेटवर चार महिन्यांनी व्हिजिटर पास घेऊन उभं राहायची वेळ येऊ शकते. संबंध टिकवणं हा इथे निव्वळ सभ्यतेचा प्रश्न उरत नाही.

आधी दुसरी ऑफर खरी आहे का ते बघा

सगळ्यात महागात पडणारी चूक याच रात्री होते. आनंदाच्या भरात माणूस कुपवाडला नकार कळवून मोकळा होतो आणि मग शिरवळकडून "मॅनेजमेंटची मंजुरी बाकी आहे" असा निरोप येतो. जुनी नोकरी राजीनाम्यात गेलेली, दुसरी सोडलेली, तिसरी हवेत.

म्हणून त्या रात्री पत्र नीट वाचायचं. ते ऑफर लेटर आहे की नुसतं 'लेटर ऑफ इंटेंट'? दुसऱ्या प्रकारात कंपनी फक्त इच्छा व्यक्त करते, पक्की बांधील होतेच असं नाही. पद, कामाचं ठिकाण, रुजू व्हायची तारीख, पगाराची फोड आणि सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा, एवढं सगळं पत्रात हवं. मेल कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरूनच आलेला हवा. "पार्श्वभूमी पडताळणी आणि मेडिकलच्या अधीन" असं वाक्य बहुतेक पत्रांत असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण पडताळणीत अडकेल असं आपलं काही असेल, जसं की बायोडेटात लपवलेली गॅप, तर ते आत्ताच एचआरला सांगून टाकायचं.

पगाराचा आकडाही त्याच रात्री सोलून बघायचा. शिरवळचं पॅकेज वर्षाला ८ लाख ४० हजार आहे. त्यातले ८४ हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर आणि वर्षाच्या शेवटी. उरलेल्यातून कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, आपला पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स वजा केला, की मूळ पगार निम्मा धरून महिन्याला हातात ५३ ते ५४ हजार येतात. कुपवाडला ४५ हजार ठरलेत, आणि तिथे राहणं-जेवण घरचं. शिरवळला खोली आणि मेस धरली तर शिल्लक जवळपास सारखीच पडते. त्यामुळे त्याचं खरं कारण काम आहे, पैसा नव्हे. हे स्वतःशी स्पष्ट असणं फार महत्त्वाचं, कारण उद्या फोनवर मालक "पन्नास देतो" म्हणाला तर उत्तर तयार हवं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला त्याने शिरवळच्या एचआरला फोन करून दोन गोष्टी विचारल्या: ऑफर अंतिम आहे ना, आणि १ तारखेऐवजी सोमवारी ६ तारखेला आलो तर चालेल का. दोन्हींना "हो" मिळालं आणि ते मेलवरही आलं. मगच पुढचं पाऊल. यात अर्धा दिवस गेला तरी चालेल, पण चार दिवस जाऊ देऊ नयेत. का, ते पुढे येतंच.

फाउंड्रीचं नेमकं काय अडतं

नकाराने कारखाना दुखावतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याला दुखावतो तो उशीर. या प्रकरणात हिशेब अगदी उघड आहे. फाउंड्रीत पुढच्या महिन्याच्या २४ तारखेला एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट आहे. त्या ऑडिटसाठी कंट्रोल प्लॅन, तपासणीचे रेकॉर्ड, रिजेक्शनची कारणं हे सगळं कुणीतरी एकहाती बसून लावायला हवं, आणि हा माणूस त्यासाठीच घेतलाय.

आता तारखा मांडून बघा. मुलाखतीत दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला उमेदवार एचआरच्या यादीत अजून आहे. पहिला माणूस रुजू होईपर्यंत दुसऱ्याला पक्का नकार न कळवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. त्या दुसऱ्याची नोटीस महिन्याची. फाउंड्रीला शुक्रवारी, १९ तारखेला कळलं तर शनिवारी त्याच्याशी बोलणं होईल, सोमवारी २२ ला तो राजीनामा देईल आणि पुढच्या महिन्याच्या २२ तारखेच्या आसपास हजर होईल. ऑडिटच्या दोन दिवस आधी का होईना, पण येईल. नोटीस थोडी कमी करून घेता आली तर आठवडाभर आधीही येईल. हेच जर ३० तारखेला कळवलं, तर तो ऑडिट होऊन गेल्यावरच येणार. अकरा दिवसांचा उशीर म्हणजे फाउंड्रीचं ऑडिट माणसाविना. मालक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो ते हे.

बऱ्याच जणांना वाटतं की जितकं शेवटी सांगू तितका वाद कमी. उलट आहे. शेवटी सांगणाऱ्याबद्दल मालकाचं मत एकच होतं: याला आधीपासून माहीत होतं.

पत्रातली अट आणि कायदा

फोन करण्याआधी कुपवाडचं ऑफर लेटर पुन्हा वाचायचं. त्यात एक ओळ होती: होकार दिल्यानंतर रुजू न झाल्यास एक महिन्याच्या पगाराइतकी रक्कम भरावी लागेल. अशी ओळ वाचून दोन टोकाच्या प्रतिक्रिया होतात. एक, घाबरून गप्प बसणं. दुसरी, "कोण विचारतंय" म्हणून दुर्लक्ष करणं. दोन्ही चुकीच्या.

होकार पोचला की करार झाला, हे धरून चालावं. पण नोकरीच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी करून माणसाला कामावर आणता येत नाही. वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून असलेल्या करारांना स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम १४ खाली तशी सक्ती लागू होत नाही. राहिला पैशाचा भाग. इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. म्हणजे एक महिन्याचा पगार आपोआप द्यावाच लागेल असं नाही, आणि काहीच द्यावं लागणार नाही असंही नाही. अटीतली रक्कम मोठी असेल, किंवा जॉइनिंग बोनस, प्रशिक्षणाचा बाँड असं काही असेल, तर फोनच्या आधी वकिलाला पत्र दाखवावं.

हे ज्ञान आपल्यापुरतं ठेवायचं. फोनवर कलमांची भाषा काढली की समोरचाही कलमांचीच भाषा काढतो, आणि मिटणारा विषय चिघळतो. आपण होऊन एवढंच म्हणायचं, की कारखान्याने माझ्यावर केलेला खर्च मी देतो. इथे तो मेडिकलचा १,८०० रुपये आहे. पैसे द्यायचे तर कंपनीच्या बँक खात्यात, पावती घेऊन. एचआरच्या कुणाच्या वैयक्तिक नंबरवर पाठवू नयेत, कारण मग ते कशाचे होते याचा पुरावा राहत नाही.

फोन

दीडशे माणसांच्या कारखान्यात लेटर एचआर काढतं, पण निर्णय मालकाचा असतो. म्हणून पहिला फोन मालकाला. वेळ महत्त्वाची. सकाळी आठ ते साडेदहा उत्पादनाची मीटिंग, डिस्पॅचची गडबड, भट्टीवरची कामं असतात. साडेअकराच्या सुमारास फोन घेतला जातो आणि बोलायला उसंतही असते. व्हॉट्सॲपवर "साहेब, एक बोलायचं होतं" असा मेसेज टाकून ठेवायचा नाही. मालक ओळखतोच, आणि मग तो एचआरकडून चौकशी सुरू करतो.

फोन तीन मिनिटांचा असावा. पहिल्या दोन वाक्यांतच मुद्दा यायला हवा. हा संवाद साधारण असा झाला.

"नमस्कार साहेब, दोन मिनिटं बोलू का? एक अवघड गोष्ट आहे, ती मेल पाठवण्याआधी तुम्हाला स्वतः सांगायची होती. मी १ तारखेला रुजू होऊ शकत नाही. मला सप्लायर क्वालिटीचं काम मिळालंय, काल संध्याकाळी लेटर आलं, आज सकाळी पक्कं केलं आणि लगेच तुम्हाला फोन करतोय."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "अरे, तू तर लेटर घेऊन गेलास. मी ग्राहकाला सांगून बसलोय, माणूस घेतलाय म्हणून."

"हो साहेब, माझ्यामुळे तुमची अडचण होतेय. २४ चं ऑडिट मला माहीत आहे. म्हणून एक दिवसही न थांबवता सांगतोय."

"पैशाचा प्रश्न असेल तर बोल. पन्नास करतो."

"नाही साहेब, पैशासाठी नाही. काम वेगळं आहे, मला त्यातच पुढे जायचंय. तुम्ही पगार वाढवला तरी माझा निर्णय हाच राहील, म्हणून तुम्हाला ताटकळत ठेवत नाही."

शेवटचं वाक्य मोलाचं आहे. "विचार करून सांगतो" म्हटलं की मालक दोन दिवस थांबतो, दुसऱ्या उमेदवाराला फोन करत नाही, आणि ते दोन दिवस आपल्या खात्यावर जमा होतात. शिवाय पन्नासला आपण राहिलो असतो, तर होकार देऊन भाव वाढवून घेणारा माणूस अशी ख्याती झाली असती.

संवादात काय नाही तेही बघा. नव्या कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही. मालकाने विचारलंच तर "साहेब, रुजू झाल्यावर मीच कळवतो" एवढं पुरे. कुपवाडच्या कारखान्यातल्या उणिवाही नाहीत. आणि खोटं कारण नाही. "वडिलांची तब्येत", "घरचे पाठवत नाहीत" ही कारणं सांगलीत आठवडाभरही टिकत नाहीत. विश्रामबागला घर, मिरज एमआयडीसीत नोकरी, कुपवाडला मुलाखत, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. सहा तारखेला माणूस शिरवळच्या गेटमधून आत गेला की पंधरवड्यात कुपवाडला कळतं. मग नकार विसरला जातो आणि खोटं लक्षात राहतं.

मालक चिडला, तर चिडू द्यायचं. "आजकालची पोरं" वगैरे ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही, शेवटी "तुमचं बरोबर आहे साहेब" म्हणून थांबायचं. त्याच संध्याकाळी माफी मागायला परत फोन करू नये. राग ओसरायला त्याला वेळ हवा असतो, आणि दुसरा फोन त्याला पुन्हा तेच ऐकवतो.

एक मदत खरोखर करता येते: त्या जागेला बसेल असा ओळखीतला माणूस सुचवणं. पण आधी त्या माणसाला विचारूनच, आणि शक्यतो आपल्या सध्याच्या वर्कशॉपमधला नको. नाहीतर जाता जाता जुन्या मालकाचाही माणूस पळवला असं होतं, आणि एका नकारात दोन संबंध तुटतात.

शब्द टाकणारे काका

कुपवाडची मुलाखत झाली ती वडिलांच्या मित्राच्या ओळखीवर. हे काका पॅटर्न शॉप चालवतात, म्हणजे ओतकामाचे साचे ज्यांवरून तयार होतात ते नमुने त्या फाउंड्रीला वर्षानुवर्षं देतात. त्यांनी मालकाजवळ शब्द टाकला होता. मोठ्या शहरात हा भाग नसेलही, इथे मात्र निम्मं प्रकरण यातच आहे. आपला नकार आपल्यापुरता राहत नाही, काकांच्या धंद्यातल्या पतप्रतिष्ठेला लागतो.

काकांना कधी सांगायचं? आधी सांगितलं तर ते प्रेमापोटी म्हणतात, "थांब, मी बोलतो त्यांच्याशी." मग मालकाला बातमी तिसऱ्याच्या तोंडून कळते आणि आपण तोंड लपवल्यासारखं दिसतं. फार उशिरा सांगितलं तर मालक चिडून काकांनाच फोन करतो आणि काकांना काहीच माहीत नसतं. दोन्हींपेक्षा वाईट काही नाही. म्हणून मालकाचा फोन ठेवल्याबरोबर, पाच मिनिटांच्या आत, काकांना फोन.

"काका, कुपवाडच्या साहेबांना मी आत्ताच फोन करून सांगितलं, मी तिथे जॉइन होत नाही. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला होता, म्हणून तुम्हाला लगेच सांगतोय. ते थोडे नाराज आहेत. ते बोलले तर माझ्या बाजूने काही बोलू नका, त्यांनी मला पत्र दिलं होतं आणि चूक माझी आहे एवढंच म्हणा."

हे वाक्य काकांसाठी आहे. त्यांना आपली वकिली करावी लागली तर त्यांचा पुढचा पॅटर्नचा ऑर्डरही त्या बोलण्यात अडकतो. त्यातून त्यांना मोकळं करणं हे आपलं काम. संध्याकाळी घरी जाऊन भेटणं आणखी बरं, रिकाम्या हाताने नको.

कॉलेज प्लेसमेंटमधून ऑफर आलेली असेल तर काकांच्या जागी प्लेसमेंट ऑफिसर असतो. तिथे क्रम उलटा: कंपनीच्या आधी त्यांना सांगायचं, कारण कंपनीशी संबंध कॉलेजचा असतो आणि पुढच्या वर्षीच्या मुलांची संधी त्यावर अवलंबून असते.

मेल

फोननंतर तासाभरात मेल, मालक आणि एचआर दोघांना. ज्या मेलवर होकार दिला होता त्यालाच रिप्लाय करायचा, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एका जागी राहतो. इंग्रजीत लिहायचा तरी क्रम हाच.

> विषय: असिस्टंट मॅनेजर, क्वालिटी या पदावर रुजू होण्यास असमर्थता
>
> आदरणीय साहेब / मॅडम,
>
> आज सकाळी फोनवर सांगितल्याप्रमाणे, या पदासाठी दिलेला होकार मी मागे घेत आहे आणि १ तारखेला रुजू होऊ शकणार नाही. मला सप्लायर क्वालिटी या क्षेत्रात संधी मिळाली असून तिकडे जाण्याचा निर्णय घेतला आहे.
>
> यामुळे आपली, विशेषतः येत्या ऑडिटच्या तोंडावर, गैरसोय होत आहे याची मला जाणीव आहे आणि त्याबद्दल दिलगीर आहे. मेडिकल तपासणीचा खर्च मी भरण्यास तयार आहे. कृपया कंपनीच्या खात्याचा तपशील कळवावा.
>
> माझी पीएफची माहिती आणि कागदपत्रांच्या प्रती आपल्याकडे आहेत. माझी नोंद करू नये, ही विनंती.
>
> आपण दिलेल्या वेळेबद्दल आणि विश्वासाबद्दल आभारी आहे.

एवढाच. "भविष्यात संधी मिळाल्यास नक्की विचार व्हावा" असलं वाक्य आज घालू नये. नुकतीच ज्याची अडचण केली त्याच्याकडे पुढची सोय मागितल्यासारखं ते वाटतं.

पीएफची ओळ उगाच घातलेली नाही. रुजू व्हायच्या आधीच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आणि फॉर्म घेऊन ठेवायची पद्धत आहे, आणि नव्या माणसांची यादी पीएफकडे गेली की न केलेल्या नोकरीची नोंद होऊन बसते. मग नव्या कंपनीच्या पडताळणीत प्रश्न येतो की ही मधली नोकरी सांगितली का नाही. पुढच्या दोन महिन्यांत एकदा ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर `View` मध्ये `Service History` उघडून बघावं. नको ती नोंद दिसली तर एचआरला नम्रपणे लिहून दुरुस्त करून घ्यावी.

काही जण याहून वेगळी वाट काढतात: आठ दिवस रुजू व्हायचं, मग सोडायचं, म्हणजे "नकार दिला" असं होत नाही. हे सगळ्यात वाईट. पीएफची नोंद खरोखरच होते, नोटिशीची अट लागू होते, आणि कारखान्याचा दुसरा उमेदवारही तोवर निघून गेलेला असतो.

नंतरचे चार महिने

वर्कशॉपमधली नोटीस ठरल्याप्रमाणे ३० तारखेपर्यंत पूर्ण करायची. पाच दिवसांची मोकळीक त्याने ६ तारीख मागून मिळवलीच आहे. कुपवाडच्या मालकाला मात्र महिना-दीड महिना काही पाठवू नये. ऑडिट झाल्यावर एखादी ओळ: "साहेब, ऑडिट नीट झालं असेल अशी आशा आहे. मी शिरवळला रुजू झालोय." उत्तर आलं नाही तरी हरकत नाही. आपण कुठे गेलो ते मालकाला आपल्याकडूनच कळलंय, हे महत्त्वाचं.

शिरवळला रुजू झाल्यावर सप्लायरांची यादी हातात येते. त्यात कुपवाडची ती फाउंड्री असेल, तर पहिल्या आठवड्यातच आपल्या मॅनेजरला सांगून ठेवायचं: "या कारखान्याची ऑफर मी घेऊन सोडली होती." हे लपवलं आणि पुढे त्यांचा एखादा लॉट आपण रिजेक्ट केला, तर मालक म्हणणार जुना राग काढतोय. पास केला, तर आपल्याच कंपनीत कुणी म्हणणार भीड पडली. आधीच सांगितलेलं असलं की मॅनेजर पहिल्या भेटीला दुसऱ्या कुणाला सोबत देतो.

आणि त्या पहिल्या भेटीला गेटवर नाव लिहून आत गेलं की आधी मालकाच्या केबिनमध्ये. खुर्चीत बसण्याआधी, "नमस्कार साहेब. त्या वेळी तुमची अडचण केली होती," एवढंच. मग चहा येतो, आणि रिजेक्शनचा रिपोर्ट उघडायचा.